सात मिनिटांच्या कामासाठी एक दिवस: कुंडईतल्या कारखान्यात घेतलेली शिफ्ट-हँडओव्हरची कार्यशाळा

मागणी आली ती ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्या एक दिवसाच्या कार्यशाळेची. कुंडई औद्योगिक वसाहतीतला गोळ्यांचं पॅकिंग करणारा मध्यम आकाराचा कारखाना, चार ब्लिस्टर लाईन, तीन शिफ्ट. माणसं बहुतेक फोंडा, डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतली, काही रोज दोडामार्गाहून ये-जा करणारी. एचआरच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, ‘‘शिफ्टमध्ये सारखे गैरसमज होतात. आमच्या लोकांना नीट बोलताच येत नाही. एक शनिवार द्या, थोडे गेम्स वगैरे घ्या.’’

अशा मागणीला लगेच हो म्हटलं की पुढचं ठरलेलं असतं. ऐकण्याचं महत्त्व, देहबोली, कानगोष्टींचा खेळ, जेवणानंतर एक व्हिडिओ आणि संध्याकाळी फीडबॅक फॉर्मवर सगळीकडे पाचपैकी पाच. सोमवारी लाईनवर मात्र सगळं जसंच्या तसं. म्हणून मी मॅडमना आणि प्रॉडक्शन मॅनेजरना म्हटलं, ‘नीट न बोलल्यामुळे’ अलीकडे नेमकं काय बिघडलं, असा एक प्रसंग मला सांगा.

मॅनेजरनी सांगितलेला प्रसंग असा. सकाळच्या शिफ्टमध्ये दोन नंबर लाईनच्या सीलिंग हीटरचं तापमान खालीवर व्हायला लागलं. ऑपरेटरने मशीनचा वेग कमी केला, तापमान स्थिर झालं. इलेक्ट्रिशियन येऊन बघून गेला आणि म्हणाला, सुटा भाग उद्या येईल, तोवर वेग वाढवू नका. तीन वाजता शिफ्ट बदलली. जाणारा ऑपरेटर म्हणाला, ‘‘हीटरचं बघून घेतलंय, आता ओके आहे.’’ लॉगबुकातही इंग्रजीत तेवढंच लिहिलेलं: हीटर चेक्ड, ओके. नव्या शिफ्टच्या माणसाने पाहिलं, मशीन हळू चाललंय, टार्गेट मागे पडलंय. त्याने वेग वाढवला. वेग वाढला की पट्टीला सीलिंगची उष्णता कमी वेळ मिळते, फॉइल नीट चिकटत नाही. पुढच्या लीक टेस्टला निळं पाणी गोळीच्या खळग्यात उतरलेलं दिसलं. मग नियमाप्रमाणे मागच्या पास झालेल्या टेस्टपासूनचा सगळा माल बाजूला काढावा लागला, आणि ती रात्र तो माल निवडण्यात गेली.

इथे कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी आळसही केला नव्हता. ‘ओके आहे’ हे वाक्य खरंच होतं, फक्त ते कमी वेगापुरतं खरं होतं. ती अट दोन माणसांच्या मध्ये कुठेतरी गळून पडली. या प्रसंगामुळे विषयाला हद्द मिळाली. कम्युनिकेशन वगैरे मोठं नाव बाजूला राहिलं आणि शिफ्ट सोपवताना होणारं दोन माणसांचं बोलणं, एवढंच शिकवायचं ठरलं.

आधी बघून घेतलं

त्यानंतरच्या आठवड्यात तिन्ही वेळांना, म्हणजे सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री अकराला, लाईनच्या बाजूला उभा राहून मी हँडओव्हर बघितले. हातात प्रश्नावली घेतली नाही. कोण आधी बोलतं, किती वेळ बोलतं, घेणारा काही विचारतो का आणि लॉगबुक कुणी उघडतं का, इतकंच टिपत गेलो.

चित्र सगळीकडे जवळपास सारखंच होतं. देणारा उभ्या उभ्या बोलतो, घेणारा मान हलवतो आणि लॉगबुकात सही होते. घेणाऱ्याने ऐकलेलं परत म्हणून दाखवलं, असं जवळजवळ कुठेच दिसलं नाही. प्रश्न विचारले गेले तेही मालाचे, म्हणजे फॉइलचे रोल किती उरलेत, असले. ‘काय बदललं’ आणि ‘काय अर्धवट राहिलं’ हे कुणी विचारत नव्हतं.

आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती शिकवून सुटणारी नव्हती. दुपारची माणसं तीनच्या आत पंचिंग करतात, पण कपडे बदलून, टोपी-मास्क घालून लाईनवर पोचेपर्यंत तीन वाजून सात-आठ मिनिटं झालेली असतात. सकाळच्या शिफ्टची माशेल-साखळीकडे जाणारी कंपनीची बस सव्वातीनला सुटते, आणि त्या माणसालाही आधी कपडे बदलायचे असतात. म्हणजे समोरासमोर बोलायला जेमतेम दोन मिनिटं, तीही एकाचं लक्ष घड्याळाकडे असताना. या माणसांना कितीही उत्तम कार्यशाळा दिली तरी दोन मिनिटांत सात मिनिटांचं बोलणं बसत नाही.

कार्यशाळा आखणाऱ्याने इथे थांबून स्वतःला एक जुना प्रश्न विचारायला हवा: जिवावर बेतलं तर या माणसाला हे काम जमेल का? जमत असेल तर अडचण कौशल्याची नाही. वेळेची, साधनांची किंवा वरिष्ठांच्या अपेक्षेची आहे. इथे उत्तर अर्धं अर्धं होतं. वेळ नव्हता हे खरं, पण रात्री अकराला बसची एवढी घाई नसतानाही घेणारा काही परत म्हणत नव्हता. म्हणजे वेळ द्यायला हवा आणि सवयही लावायला हवी.

मी कळवलं की बस दहा-पंधरा मिनिटं पुढे ढकलल्याशिवाय कार्यशाळेची तारीख ठरवू नये. एचआरला ते पटेना, कारण एक बस पुढे दुसऱ्या फेरीलाही जाते. त्या बैठकीत मी पायपर अल्फाचा दाखला दिला. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या या तेलाच्या फलाटावर एका पंपाची सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढून ठेवली होती. ही बातमी रात्रपाळीपर्यंत पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर रात्रीच्या माणसांनी हा पंप चालू केला, आणि त्यातून सुरू झालेल्या स्फोटांत व आगीत 167 माणसं गेली. शिफ्ट बदलताना काम कसं सोपवलं जातं याकडे उद्योगजगत गंभीरपणे बघायला लागलं, त्यात या दुर्घटनेचा मोठा वाटा आहे. बस अखेर तीन पंचविसला गेली. हीच गोष्ट प्रत्यक्ष कार्यशाळेत मात्र मी ठेवली नाही. गोळ्यांच्या पॅकिंगवर काम करणाऱ्या माणसाला समुद्रातल्या आगीची गोष्ट सांगितली की तो हळहळतो, पण आपल्या लाईनशी तिचा संबंध जोडत नाही. त्याच्यासाठी निळ्या पाण्याची गोष्टच पुरेशी होती.

उद्दिष्ट असं लिहिलं की ते डोळ्यांनी दिसेल

‘सहभागींना हँडओव्हरचं महत्त्व समजेल’ असलं उद्दिष्ट लिहिलं की दिवसभर भाषण करायची मोकळीक मिळते. आम्ही लिहिलं ते असं: लाईनजवळ उभं राहून, मशीनच्या आवाजात, सात मिनिटांच्या आत देणारा चार गोष्टी सांगेल: लाईन आत्ता कुठे आहे, माझ्या शिफ्टमध्ये काय बदललं, काय अर्धवट आहे, आणि पुढच्या काही तासांत काय होऊ शकतं. घेणारा त्या चारही गोष्टी स्वतःच्या शब्दांत परत सांगेल आणि निदान एक प्रश्न विचारेल. सही त्यानंतर होईल.

यातला सगळ्यात मोलाचा भाग परत सांगण्याचा आहे. वैद्यकीय क्षेत्रात यावर चांगलं काम झालेलं आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांत निवासी डॉक्टरांना रुग्ण सोपवण्याची ‘आय-पास’ नावाची ठरावीक पद्धत शिकवली गेली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत वैद्यकीय चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. त्या पद्धतीची शेवटची पायरी म्हणजे घेणाऱ्याने सारांश करून सांगणं. मला त्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथेही नुसती कार्यशाळा नव्हती. दोन तासांच्या वर्गाला वेगळा सरावाचा तास, वरिष्ठांनी प्रत्यक्ष बघून टिपणं आणि सगळ्या विभागात चालवलेली मोहीम, हे सगळं जोडलेलं होतं. आकडा त्या सगळ्याचा मिळून आहे.

उद्दिष्ट ठरल्यावर पहिलं कागदावर उतरलं ते निरीक्षणाचं कार्ड. पोस्टकार्डाएवढं, सहा ओळींचं: चार गोष्टींच्या चार ओळी, पाचवी ‘परत सांगितलं का’, सहावी ‘प्रश्न विचारला का’. प्रत्येकीपुढे फक्त हो किंवा नाही. हेच कार्ड कार्यशाळेत सरावाला आणि नंतर लाईनवर पाठपुराव्याला वापरायचं होतं. दोन्हीकडे वेगळी कागदपत्रं केली की पाठपुरावा पहिल्याच आठवड्यात गळतो. कार्ड देवनागरीत छापलं, कारण ही माणसं बोलतात कोकणी-मराठीत आणि लॉगबुक लिहितात इंग्रजीत. नियमाचं लिखाण इंग्रजीत असायला माझी हरकत नाही, पण बोलणं ज्या भाषेत होतं त्याच भाषेत सराव व्हायला हवा.

दुसरी तयारी सरावाच्या चिठ्ठ्यांची. मॅनेजर आणि दोन जुन्या ऑपरेटरांबरोबर बसून त्यांच्याच लाईनवर घडलेल्या दहा परिस्थिती लिहून काढल्या, माणसांची नावं आणि बॅच नंबर वगळून. प्रत्येक चिठ्ठीत बारा-तेरा बारीकसारीक गोष्टी होत्या आणि त्यांतल्या दोन धोक्याच्या, पण मुद्दाम गर्दीत लपवलेल्या. उदाहरणार्थ, फॉइलचा नवा रोल दुसऱ्या लॉटचा आहे हे सातव्या ओळीत, आणि त्याच्या आजूबाजूला कॅन्टीनचा डबा, गैरहजर हेल्पर, उद्याचं ऑडिट. कारण खऱ्या शिफ्टमध्येही महत्त्वाची गोष्ट ठळक अक्षरांत येत नाही. बाहेरून आणलेली तयार उदाहरणं, हॉटेलची नाहीतर बँकेची, इथे चालली नसती. माणूस उदाहरणाशीच भांडत बसतो, ‘‘आमच्याकडे असं नसतं’’, आणि सराव बाजूला राहतो.

तुकडी पंधरा जणांची ठेवली, म्हणजे तिघातिघांचे पाच गट. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी वर्गात बसवायचं नाही, ही अट आधीच मान्य करून घेतली होती. म्हणून सगळी माणसं एकाच दिवशी आली नाहीत. दोन तुकड्या शिफ्टच्या फेरपालटाप्रमाणे दोन शनिवारी केल्या. पहिला शनिवार मशीन देखभालीसाठी लाईन बंद असण्याचा निवडला, त्याचं कारण दुपारी कळतं.

दिवस

सव्वानऊला सुरुवात झाली आणि ओळख-परेड घातली नाही. ही माणसं एकमेकांना दहा-पंधरा वर्षं ओळखतात. पहिल्याच दहा मिनिटांत जोड्या पाडून सराव सुरू केला. देणाऱ्याने चिठ्ठी तीन मिनिटं वाचायची, मग चिठ्ठी बाजूला ठेवून घेणाऱ्याला रोजच्यासारखं सांगायचं. काही शिकवायचं नाही, टोकायचं नाही. नंतर सगळ्यांना चहा. चहा झाल्यावर घेणाऱ्यांना सहा प्रश्नांचा कागद दिला: वेग का कमी आहे, रोल कुठल्या लॉटचा, कोण येणार आहे, असं. त्यांनीच उत्तरं लिहिली आणि चिठ्ठीशी स्वतःच ताडून पाहिली. धोक्याच्या दोन गोष्टी बहुतेकांच्या कागदावर उतरल्याच नव्हत्या.

हा चहा आखणीचाच भाग होता. लगेच विचारलं तर माणूस कानात घुमणारे शब्द परत करतो. पंधरा-वीस मिनिटं मध्ये गेली की खरोखर पोचलं ते उरतं. आणि ‘तुमच्यात उणीव आहे’ हे मी सांगण्यापेक्षा त्यांच्याच अक्षरातला कागद सांगतो, तेव्हा सकाळचा तास वाचतो.

एका जुन्या ऑपरेटरकाकांना हे रुचलं नाही. ‘‘परीक्षा घ्यायला आणलंय काय आम्हांला? वीस वर्षं लाईन चालवतोय.’’ मी त्यांनाच फळ्याजवळ बोलावलं आणि विचारलं, काका, नवीन पोरगा चार्ज द्यायला आला की तुम्ही त्याच्याकडून काय काय काढून घेता? त्यांनी एका दमात सांगितलेल्या गोष्टींतच आमच्या चारांपैकी तीन निघाल्या. चौथी, म्हणजे पुढे काय होऊ शकतं, ही एका सुपरवायझरने भरली. यादी माझ्याकडे छापून तयार होती, पण फळ्यावर आली ती काकांच्या शब्दांत, आणि दिवसभर तेच शब्द वापरले.

मग दोन सुपरवायझरांनी दोन हँडओव्हर करून दाखवले, एक नेहमीचा आणि एक चांगला. दोघांना आदल्या दिवशी अर्धा तास तयार केलं होतं. नेहमीचा इतका हुबेहूब झाला की सभागृहात हशा पिकला. चांगला झाला तेव्हा सगळ्यांच्या हातात कार्ड होतं आणि ते खुणा करत होते. कार्ड वाचायची त्यांची पहिली वेळ इथेच झाली, सुरक्षित ठिकाणी, दुसऱ्याच्या कामावर.

साडेदहापासून जेवणापर्यंत सराव. आधी अख्खा हँडओव्हर करायला लावला नाही. अर्धा तास फक्त परत सांगण्याचा भाग: देणारा दोन वाक्यं बोलणार, घेणारा तीच आपल्या शब्दांत सांगणार. इथे खरी अडचण समोर आली. तरुण घेणारे वयाने मोठ्या माणसाचं बोलणं परत म्हणायला बिचकत होते. ‘तुम्ही नीट सांगितलं नाही’ असा त्याचा अर्थ होईल, ही भीती. आणि देणाऱ्यांना ते पोपटपंची वाटत होतं. मी नियम सांगून हे सुटलं नसतं. एका मुलानेच वाट काढली. तो समोरच्याला म्हणाला, ‘‘काका, मी एकदा म्हणून दाखवतो, माझं काय चुकलं तर सांगा.’’ चुकण्याची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली आणि काकांचा मान राहिला. ते वाक्य फळ्यावर लिहिलं. त्यानंतर जवळजवळ सगळ्यांनी तेच उचललं, आणि लाईनवरही आजवर टिकून राहिलंय ते तेच.

त्यापुढे अख्खा हँडओव्हर, तिघांच्या गटात: देणारा, घेणारा, निरीक्षक, प्रत्येक फेरीला भूमिका बदलून. पहिल्या फेरीत निरीक्षक काही उपयोगाचे नव्हते. ‘‘छान झालं, मस्त सांगितलंस’’ यापलीकडे कुणी जाईना. गोव्यातल्या माणसाला सोबत बसणाऱ्याच्या तोंडावर उणं काढणं जड जातं, आणि तो उद्या त्याच बसमधून जाणार असतो. म्हणून दुसऱ्या फेरीपासून निरीक्षकाला मत देण्याची मनाईच केली. त्याने फक्त कार्डावरच्या खुणा वाचायच्या: ‘‘काय अर्धवट आहे, त्याला नाही. परत सांगितलं, हो.’’ मत नसल्यामुळे वाईटपणा नव्हता, आणि ‘नाही’ ऐकलेला माणूस लगेच त्याच चिठ्ठीवर दुसरा प्रयत्न करत होता. हा दुसरा प्रयत्न वेळापत्रकात आधीच धरलेला असावा लागतो. बहुतेक कार्यशाळांत रोल-प्ले एकदा होतो, चर्चा होते आणि पुढचा विषय येतो. म्हणजे चूक कळते, पण बरोबर करून बघायची संधी काही मिळत नाही.

जेवणानंतर सगळे लाईनवर गेले. देखभालीचा दिवस असल्यामुळे कपडे बदलण्याचे कडक नियम शिथिल होते आणि उत्पादन थांबलेलं होतं. मोबाईलवर आधी रेकॉर्ड केलेला चालू लाईनचा आवाज स्पीकरवर लावला. सकाळी वर्गात सहज जमलेलं इथे बिघडलं. लोक ओरडून बोलू लागले, वाक्यं तुटायला लागली. मग दोन गोष्टी आपोआप आल्या. देणारा ज्या भागाबद्दल बोलतोय त्याच्यासमोर जाऊन उभा राहू लागला, आणि बोटाने दाखवून आकडे सांगू लागला. हीटरचं बोलायचं तर हीटरपाशी. वर्गात ही गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नसती. पुढच्या फेऱ्यांत मी अडथळे टाकले: मध्येच फोन, मध्येच सुपरवायझरची हाक, ‘बस निघाली’ अशी आरोळी. अडथळा आला की जिथे तुटलं तिथून नव्हे, चारातल्या त्या गोष्टीच्या सुरुवातीपासून पुन्हा सांगायचं, हे तिथे ठरलं.

लॉगबुकातल्या नोंदी सुधारण्याचा पाऊण तास आखला होता, तो वेळेअभावी काढून टाकला. त्याची मला फारशी खंत नाही. एका दिवसात एक सवय बसते, दोन बसत नाहीत. नोंदींचा भाग पुढच्या महिन्याच्या छोट्या सत्राकडे ढकलला.

शेवटचा पाऊण तास तिन्ही शिफ्टचे सुपरवायझर आणि मॅनेजर आत येऊन बसले. प्रत्येकाने एकच वाक्य लिहिलं, ‘जेव्हा अमुक होईल तेव्हा मी तमुक करीन’ या साच्यात. ‘‘मी नीट हँडओव्हर देईन’’ असं लिहिणाऱ्याला परत पाठवलं. ‘‘समोरचा सही करायला पेन काढेल तेव्हा मी पेन धरून विचारीन, काय काय सांगितलं मी?’’ हे चाललं. ठराविक खूण आणि ठराविक कृती बांधली की ती आठवण्यावर अवलंबून राहत नाही.

नंतरचे आठ आठवडे

पाठपुरावा कार्यशाळेच्या आधीच ठरवलेला होता, आणि तो सुपरवायझरांच्या गळ्यात होता, माझ्या नाही. पहिले चार आठवडे प्रत्येक लाईनवर आठवड्यातून एक हँडओव्हर कार्ड हातात धरून बघायचा, खुणा वाचून दाखवायच्या, संपलं. दुसऱ्या पंधरवड्यात आणखी एक तपासणी: शिफ्ट बदलून वीसेक मिनिटं झाली की घेणाऱ्याला लाईनवर तीन प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जाणाऱ्याच्या नोंदींशी ताडायची. चौथ्या आठवड्यात चाळीस मिनिटांचं सत्र, नव्या चिठ्ठ्यांवर. जुन्याच चिठ्ठ्या दिल्या असत्या तर लोकांनी चिठ्ठी पाठ म्हटली असती.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या या क्षेत्रात अजून वापरल्या जातात: आवडलं का, शिकले का, वागणं बदललं का, परिणाम दिसला का. फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवर संपतो. आमची खरी मोजणी तिसरीवर होती. दुपारी तीनला आणि रात्री अकराला परत सांगण्याची सवय अर्ध्याहून बऱ्याच जास्त हँडओव्हरमध्ये दिसू लागली. चौथी गोष्ट, पुढे काय होऊ शकतं, ती मात्र महिनाभर रेंगाळत राहिली. अंदाज बांधून सांगायचा आणि तो चुकला तर हसं होईल, असं लोकांना वाटतं. छोट्या सत्रात त्याचा प्रश्नच बदलला: ‘काय होईल’ऐवजी ‘कशावर लक्ष ठेवू?’ तसं विचारल्यावर उत्तरं यायला लागली.

सकाळी सातचा हँडओव्हर सुधारलाच नाही. रात्रपाळीची माणसं थकलेली असतात हे एक. पण कार्डांचा गठ्ठा बघितल्यावर दुसरं कारण दिसलं: सातच्या हँडओव्हरची कार्डं जवळजवळ नव्हतीच. त्या वेळी सुपरवायझर स्वतःच एकमेकांना चार्ज देत असतात, बघणारं कुणी नसतं. क्वालिटीचा लाईन-तपासनीस त्या वेळी तिथे असतो, त्याच्याकडे आठवड्याचं एक कार्ड सोपवलं आणि महिन्याभराने फरक दिसू लागला.

चौथ्या पायरीबद्दल मॅनेजरना फार उत्साह होता. शिफ्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या तासातला नाकारलेला माल कमी झालाय, हे वरच्या बैठकीत कार्यशाळेच्या नावावर दाखवायचं होतं. मी तसं करू नका म्हटलं. त्याच महिन्यात दोन नंबर लाईनचा हीटर पूर्ण बदलला गेला होता आणि बसची वेळही बदललेली होती. तीन गोष्टी एकदम हलल्या की श्रेय एकीला देता येत नाही. दाखवायचीच असतील तर कार्डं दाखवा. त्यांत निदान वागणं दिसतं.

दुसऱ्या तुकडीला आखणीत दोनच बदल केले. निरीक्षकाने मत द्यायचं नाही हा नियम पहिल्या फेरीपासून लागू केला, आणि लाईनवरचा सराव जेवणानंतर नव्हे, साडेअकरालाच सुरू केला, म्हणजे आवाजातली चूक दुरुस्त करायला दुपार उरते. त्या शनिवारी लाईन चालू होत्या, म्हणून सगळ्यांना पूर्ण कपडे बदलून एका थांबवलेल्या लाईनवर जावं लागलं. त्यात वीस मिनिटं गेली, पण खरं मशीन बाजूला चालू असल्यामुळे स्पीकरची गरज पडली नाही. नव्याने भरती होणाऱ्यांसाठी आता पूर्ण दिवस ठेवलेला नाही. त्यांना पहिल्या आठवड्यात तीन चिठ्ठ्या आणि एक कार्ड देतात, आणि सराव घेतात त्या लाईनवरचे काका.